भरपाई म्हणजे नक्की कोणती? अण्णांच्या ट्रायलचा फॉर्म वाचताना

अण्णांना शुगर आहे गेली चौदा वर्षं. वय 60, दोन वर्षांपूर्वी एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झाले. मेटफॉर्मिनच्या गोळ्या चालू होत्या तरी एचबीएवनसी, म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, साडेआठच्या खाली येत नव्हतं, तर मागच्या वर्षी ज्या हॉस्पिटलमध्ये दाखवतो तिथल्या डॉक्टरांनी विचारलं की एक नवीन आठवड्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन आहे, त्याची ट्रायल इथे चालू होतेय, बघता का? फेज तीन, 52 आठवडे, अर्ध्या लोकांना खरं औषध अर्ध्यांना प्लॅसिबो म्हणजे तसंच दिसणारं पण औषध नसलेलं इंजेक्शन, मेटफॉर्मिन सगळ्यांचं चालूच राहणार. अण्णा म्हणाले बघू. डॉक्टर म्हणाले बाहेर मॅडम बसल्यात त्या समजावून सांगतील.

मॅडम म्हणजे स्टडी कोऑर्डिनेटर. बोलायला चांगल्या होत्या. पंधरा-वीस मिनिटं सांगितलं आणि मग मराठी फॉर्म समोर ठेवला, 22 पानं, शेवटच्या पानावर पेन्सिलने बारीक फुली मारलेली, इथे सही करा म्हणून. मी विचारलं घरी नेऊन वाचला तर चालेल का, त्या म्हणाल्या हो चालेल की, पण स्क्रीनिंगची ब्लड टेस्ट आज झाली असती तर तुमची एक चक्कर वाचली असती. अण्णा लगेच पेन काढायला लागले. चक्कर वाचते म्हटल्यावर माणूस सही करतोच. मी फॉर्म पिशवीत टाकला आणि म्हटलं परवा येतो.

हे सगळं लिहितेय कारण त्यानंतर जे जे झालं त्यातलं जवळपास सगळं त्या 22 पानांत आधीच लिहिलेलं होतं, फक्त आम्ही ते वाचलं नसतं तर आम्हाला कळलंच नसतं की ते आपल्या बाजूनं लिहिलंय.

भरपाई आणि भरपाई

रात्री जेवण झाल्यावर आई, अण्णा आणि मी डायनिंग टेबलवर बसून वाचायला घेतलं. मी अकाउंट्समध्ये काम करते त्यामुळे कागद वाचायची सवय आहे, पण हे मराठी वेगळंच. प्रायोजक, अन्वेषक, यादृच्छिकीकरण. प्रायोजक म्हणजे औषध कंपनी, अन्वेषक म्हणजे आपले डॉक्टर, आणि तो तिसरा शब्द म्हणजे कुणाला औषध कुणाला प्लॅसिबो हे कॉम्प्युटर ठरवणार, नाणं उडवल्यासारखं. हे तीन शब्द वहीत वर लिहून ठेवले आणि मग वाचायला सोपं गेलं. काही भाग फार नीट होता, प्रत्येक भेटीला किती रक्त घेणार ते चमच्यात सांगितलेलं, आईला ते लगेच कळलं.

तेराव्या पानावर अडलं. तिथे लिहिलेलं, "प्रत्येक भेटीसाठी सहभागी व्यक्तीस रु. 500 भरपाई देण्यात येईल." आणि पुढे सोळाव्या पानावर, "अभ्यासाशी संबंधित इजा झाल्यास भरपाई वर नमूद केल्याप्रमाणे व लागू नियमांनुसार देण्यात येईल."

अण्णांनी दोन्ही वाचलं आणि म्हणाले, म्हणजे काही झालं तर पाचशे रुपये?

मला आधी हसायला आलं असतं पण हसण्यासारखं नव्हतं ते, कारण त्या कागदावर खरंच तसं वाचता येत होतं. इंग्लिश फॉर्म मी दुसऱ्या दिवशी मागून घेतला तेव्हा कळलं काय झालंय. इंग्लिशमध्ये पहिल्या जागी रीइम्बर्समेंट होतं, म्हणजे येण्याजाण्याचा आणि चहापाण्याचा खर्च परत. दुसऱ्या जागी कॉम्पेन्सेशन, म्हणजे ट्रायलमुळे इजा झाली किंवा माणूस गेला तर कायद्याने द्यायचे पैसे. दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी, आणि मराठीत भाषांतर करणाऱ्याने दोन्हीला एकच शब्द लावून टाकला, भरपाई. प्रवासखर्च आणि नुकसानभरपाई असं लिहिलं असतं तर प्रश्नच नव्हता.

अजून एक सापडलं. इंग्लिशमध्ये होतं की इजा झाली तर मोफत वैद्यकीय उपचार, जोपर्यंत गरज आहे तोपर्यंत, किंवा ती इजा ट्रायलमुळे नाही हे सिद्ध होईपर्यंत, यातलं जे आधी घडेल ते. मराठीत फक्त "आवश्यक ती वैद्यकीय मदत" एवढंच. मोफत हा शब्दच गायब. आता गरज आहे तोपर्यंत मोफत उपचार ही काही कंपनीची मेहेरबानी नाही, 2019 चे जे नवीन औषधं आणि क्लिनिकल ट्रायलचे नियम आहेत त्यातच ते आहे, आणि त्यात महत्त्वाचं हे की आधी उपचार आणि मग चौकशी. ट्रायलमुळे झालं हे पेशंटने सिद्ध करून दाखवल्यावर उपचार असं नाहीये. उलट आहे, संबंध नाही हे ठरेपर्यंत खर्च त्यांचा. मराठी वाचणाऱ्या माणसाला हे कळायलाच पाहिजे.

फॉर्मच्या शेवटी दोन फोन नंबर होते. एक डॉक्टरांचा, दुसरा एथिक्स कमिटीच्या, म्हणजे ट्रायलमधल्या लोकांच्या हक्कांवर आणि सुरक्षेवर लक्ष ठेवणाऱ्या समितीच्या, मेंबर सेक्रेटरींचा, हक्कांबद्दल प्रश्न असतील तर यांना विचारा असं लिहिलेलं. मी दुसऱ्या नंबरवर फोन केला. मला वाटलेलं कोणी उचलणार नाही, पण उचलला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले लेखी द्या. साधा ईमेल केला, पान नंबर, मराठी ओळ, इंग्लिश ओळ, समोरासमोर. डॉक्टरांनाही सांगितलं, ते चिडले वगैरे नाहीत, म्हणाले बरं झालं, आमच्याकडे आतापर्यंत कोणी विचारलंच नाही. तीन आठवड्यांनी नवीन मराठी फॉर्म आला, कोपऱ्यात व्हर्जन 2.1 आणि नवीन तारीख. ज्यांनी आधी जुन्यावर सह्या केलेल्या त्यांना परत बोलावून नवीन फॉर्म समजावून पुन्हा सही घेतली, त्याला रीकन्सेंट म्हणतात. तुमच्या हातात फॉर्म आला की त्या कोपऱ्यातला व्हर्जन नंबर आणि तारीख बघा, आणि संमतीच्या पानावर "दिनांक अमुकची माहितीपत्रिका मी वाचली" असं जे असतं तिथली तारीख तीच आहे का बघा. आमच्या नवीन फॉर्मलाही संमतीच्या पानावर चुकून जुनी तारीख राहिलेली, ती दाखवल्यावर बदलून दिली.

नॉमिनी कशाला, उत्पन्न कशाला

संमतीच्या पानावर नाव, जन्मतारीख, शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि नॉमिनीचं नाव, पत्ता, नातं असं सगळं भरायचं होतं. आईचा चेहरा नॉमिनी बघून उतरला. बँकेत ठीक आहे, औषधाच्या फॉर्मवर नॉमिनी म्हणजे काय.

मी हे तिला खोटं सांगून टाळलं नाही. ट्रायलमुळे मृत्यू झाला तर नुकसानभरपाई कोणाला द्यायची यासाठी ते नाव. कायद्यानेच तो रकाना फॉर्ममध्ये ठेवलाय, आणि तो रिकामा राहिला तर नंतर घरच्यांनाच त्रास. आमच्या फॉर्ममध्ये रकमेचा आकडा कुठेच नव्हता, "लागू नियमांनुसार" एवढंच. आकडा नसतो कारण तो माणसागणिक बदलतो, पण सूत्र ठरलेलं आहे, 2019 च्या नियमांच्या सातव्या परिशिष्टात दिलंय. मी ते वहीत लिहून काढलं:

```
नुकसानभरपाई = (B × F × R) ÷ 99.37
```

B म्हणजे मूळ रक्कम, 8 लाख, सगळ्यांना सारखी. F वयाप्रमाणे बदलतो, कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यातलं कोष्टक आहे तेच वापरतात, जितकं वय कमी तितका आकडा मोठा. 60 वर्षांना 117.41, आणि 65 किंवा त्याहून जास्त वयाला 99.37, म्हणून तर खाली तोच आकडा भागायला आहे. R म्हणजे ट्रायलमध्ये येताना माणूस किती आजारी होता. अगदी शेवटच्या टप्प्यातला, सहा महिन्यांहून जास्त जगण्याची आशा नसलेला पेशंट असेल तर 0.5, आणि पूर्ण निरोगी माणसाला 4. मध्ये 1, 2, 3 असे टप्पे. अण्णांसारख्या शुगरच्या पेशंटला कमी जोखमीचा म्हणून 3 धरला तर 8 लाख गुणिले 117.41 गुणिले 3 भागिले 99.37, साधारण 28 लाख 36 हजार. आणि मध्यम जोखीम म्हणून 2 धरला तर 18 लाख 90 हजार. म्हणजे एका आकड्यावरून साडेनऊ लाखांचा फरक, आणि R किती हे ठरवणं आपल्या हातात नसतं.

अण्णांनी मला विचारलं, मग उत्पन्न का विचारतायत? पेन्शनवाल्याला कमी मिळणार का? तर नाही. सूत्रात उत्पन्नाला जागाच नाही. अण्णांच्या जागी मोठ्या पगाराचा माणूस असता, वय आणि आजार तोच, तर रक्कम तीच. ट्रायलमध्ये गरीब माणसं पैशासाठी भरती होतायत का यावर लक्ष राहावं म्हणून ती माहिती घेतात असं डॉक्टरांनी सांगितलं.

हे वाचून झाल्यावर आई थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, माझं नाव नीट लिही, आधारवर आहे तसं. तिथपर्यंत आली म्हणजे तिला कळलं होतं.

कधीही सोडू शकता, पण सोडणं म्हणजे काय काय

फॉर्मच्या शेवटी पाच वाक्यं होती आणि प्रत्येकासमोर छोटा चौकोन, त्यात आद्याक्षरं लिहायची. टिक नाही, आद्याक्षरं. दुसरं वाक्य असं होतं की सहभाग स्वेच्छेने आहे, कोणतंही कारण न देता कधीही बाहेर पडू शकतो, त्याने माझ्या उपचारांवर किंवा कायदेशीर हक्कांवर परिणाम होणार नाही. अण्णांनी हे मोठ्यानं वाचलं आणि खूश झाले. मी म्हटलं थांबा, तिसरं वाचा.

तिसरं वाक्य असं की कंपनी, त्यांच्या वतीने काम करणारे लोक, एथिक्स कमिटी आणि सरकारी यंत्रणा यांना माझी आरोग्याची कागदपत्रं बघायला माझी परवानगी परत लागणार नाही, मी अभ्यासातून बाहेर पडलो तरीसुद्धा, आणि मी याला मान्यता देतो. ओळख गुप्त राहील, पण कागद बघता येतील.

दुसऱ्या आणि तिसऱ्या वाक्यात भांडण आहे असं मला वाटलं, म्हणून डॉक्टरांना विचारलं. त्यांनी जे सांगितलं ते मला फार उपयोगी पडलं म्हणून सविस्तर लिहिते. सोडणं ही एक गोष्ट नाहीये, त्यात तीन-चार वेगवेगळ्या गोष्टी असतात. पहिलं, इंजेक्शन घेणं बंद करायचं पण तपासण्यांना आणि फोनला हो म्हणायचं. दुसरं, हॉस्पिटलला येणं बंद पण फोनवर तब्येत सांगायला तयार. तिसरं, सगळंच बंद, फोनही नको. आणि चौथं, साठवून ठेवलेलं रक्त. जो डेटा सोडायच्या दिवसापर्यंत गोळा झालाय तो मात्र काढून टाकत नाहीत, कारण ज्यांना त्रास झाला ते सोडून जातात आणि त्यांचेच आकडे पुसले तर औषध आहे त्याहून कागदावर चांगलं दिसेल. हे ऐकल्यावर मला पटलं. पुढच्या माणसाला त्या औषधाने उलट्या होतात हे कळायचं असेल तर अण्णांच्या उलट्या वहीत राहायलाच पाहिजेत.

साठवलेल्या रक्ताचं मात्र वेगळं आहे. आमच्याकडे पुढच्या जनुकीय संशोधनासाठी रक्त ठेवायचं का याचा वेगळा फॉर्म होता, ऐच्छिक, तो नाकारला तरी ट्रायलमध्ये घेतात. त्यात लिहिलेलं की नंतर मन बदललं तर उरलेलं रक्त नष्ट करायला सांगू शकता, पण ज्यावर टेस्ट होऊन गेली किंवा ज्यावरचं नाव-नंबर काढून टाकलं ते परत शोधता येत नाही. अण्णांनी तिथे नाही म्हटलं. कोणी एक शब्द बोललं नाही.

आणखी दोन गोष्टी मी पेन्सिलने खुणा करून विचारल्या. एक, साखर वाढतच राहिली आणि अण्णांना प्लॅसिबो असेल तर काय? तर त्याचं उत्तर अकराव्या पानावर होतं, पहिल्या सहा आठवड्यांत उपाशीपोटी साखर 270 च्या वर राहिली, पुढच्या सहात 240 आणि बारानंतर 200 च्या वर राहिली तर रेस्क्यू औषध, म्हणजे साखर खाली आणायचं वेगळं औषध, सुरू करणार. फॉर्ममध्ये हा आकडा असलाच पाहिजे असं माझं मत आहे, "गरज पडल्यास" असं मोघम असेल तर आकडा विचारा. कारण असं ठरलेलं औषध उपलब्ध असून दिलं नाही आणि त्यातून इजा झाली तर तीही ट्रायलमुळे झालेलीच धरतात, नियमात तसं आहे. नुसत्या इंजेक्शनच्या साइड इफेक्टपुरतं ते नाही. तपासणीची प्रोसिजर करताना काही झालं, किंवा ठरलेल्या प्रोटोकॉलच्या बाहेर जाऊन केल्यानं झालं, तेही त्यातच.

दुसरी, मध्येच सोडलं तर पाचशे रुपये परत मागणार का? नाही, जितक्या भेटी झाल्या तितक्यांचे मिळतात.

अण्णांनी सही केली, तारीख स्वतःच्या हाताने टाकली. मॅडम तारीख टाकून देत होत्या, डॉक्टरांनीच थांबवलं. सही झाल्यावर आमची प्रत मागितली तर म्हणाल्या पुढच्या भेटीला देतो, झेरॉक्सवाला गेलाय. मी म्हटलं आम्ही बसतो. अर्ध्या तासाने मिळाली, माहितीपत्रिका आणि सह्या झालेला फॉर्म दोन्ही. तो आपला हक्कच आहे आणि पुढे त्याच प्रतीने आम्हाला वाचवलं.

एकविसावा आठवडा

पहिले चार महिने बरे गेले, थोडी मळमळ. विसाव्या आठवड्यात डोस वाढवला आणि एकविसाव्यात एका रात्री अण्णांना उलट्या सुरू झाल्या त्या थांबेनात. रात्री दोन वाजता ट्रायलचं हॉस्पिटल शहराच्या दुसऱ्या टोकाला, म्हणून घराजवळच्या नर्सिंग होममध्ये नेलं. डिहायड्रेशन, किडनीवर ताण आल्याचं दाखवणारं क्रिएटिनिन वाढलेलं, तीन दिवस ॲडमिट. पाकिटात एक कार्ड दिलेलं होतं त्यावर 24 तासांचा नंबर, त्यावर मी त्याच रात्री फोन केला आणि नंतर व्हॉट्सॲपवर लिहून पण टाकलं, वेळेसकट. हे लिहून टाकणं महत्त्वाचं ठरलं. ॲडमिट व्हावं लागलं की ती घटना गंभीर धरतात आणि डॉक्टरांना ती 24 तासांच्या आत सरकारी यंत्रणेला, कंपनीला आणि एथिक्स कमिटीला कळवावी लागते.

बिल झालं एकवीस हजार आणि काही. डिपॉझिट आम्ही भरलं.

तिसऱ्या दिवशी अण्णा म्हणाले, बास, आता नको ते इंजेक्शन. मी कोऑर्डिनेटरना फोन केला. पहिल्या मॅडम सोडून गेल्या होत्या, नवीन मुलगा होता. तो म्हणाला, "ताई, आत्ता सोडू नका. पेशंट विड्रॉ झाला की मग बिलाचं कसं होणार, तो ट्रायलमध्येच नाही ना राहणार. आधी बिल क्लिअर होऊ दे, मग बघू."

मी फोन ठेवला आणि खरं सांगते, पाच मिनिटं मला वाटलं की असंच असेल. मग घरी जाऊन फाईल काढली. दुसरं वाक्य, "वैद्यकीय उपचार किंवा कायदेशीर हक्क यांवर परिणाम न होता". इजा झाली तेव्हा अण्णा ट्रायलमध्ये होते. सोडल्याने ती रात्र पुसली जात नाही. त्या पानाचा फोटो काढला, सोळाव्या पानाचा, म्हणजे नवीन व्हर्जनमधल्या मोफत उपचारांच्या परिच्छेदाचा पण काढला, आणि दोन्ही डॉक्टरांना पाठवले, खाली एवढंच लिहिलं की अण्णा आजपासून इंजेक्शन थांबवतायत, बिलाचे कागद सोबत आहेत, आणि तुमच्याकडून सांगितलं गेलं की सोडलं तर बिल मिळणार नाही, हे बरोबर आहे का. डॉक्टरांचा अर्ध्या तासात फोन आला. चूक आहे म्हणाले, स्पष्ट. माफी मागितली. तो मुलगा मुद्दाम खोटं बोलला असं मला नाही वाटत, त्याला कोणी शिकवलंच नव्हतं, पण माझ्या जागी दुसरं कोणी असतं तर त्याच्या शब्दावर अजून दोन-तीन इंजेक्शनं घेतली गेली असती, आणि याचा मला अजून राग आहे.

बाहेर पडायचा कागद एक पानी होता. कारण असा रकाना होता. कारण द्यायचं बंधन नाही, पण आम्ही दिलं, कारण ते सुरक्षेसाठी उपयोगाचं होतं. खाली पर्याय होते, अण्णांनी इंजेक्शन बंद, फोनवर माहिती द्यायला तयार यावर खूण केली. न वापरलेली इंजेक्शनं फ्रीजमधून काढून परत दिली, त्याची पोच घेतली. औषध आठवड्याचं असल्यानं शरीरातून जायला काही आठवडे लागतात, म्हणून पाच आठवड्यांनी एक शेवटची रक्त तपासणी करायची विनंती होती, ती केली. क्रिएटिनिन नॉर्मल आलं. तो रिपोर्ट हातात आला तेव्हा मला झोप लागली नीट.

चार हजार

बिलाचे पैसे दीड महिन्यात आले. ओरिजिनल बिलं, औषधांच्या पावत्या, डिस्चार्ज कार्ड, सगळं लागलं. हे उपचारांचं झालं. नुकसानभरपाई याहून वेगळी आणि तिची चाल वेगळी. डॉक्टर आणि कंपनी दोघांना 14 दिवसांत सविस्तर अहवाल द्यायचा असतो, एथिक्स कमिटीला 30 दिवसांत आपलं मत, नुकसानभरपाई किती असावी यासकट. मग केंद्राची यंत्रणा ठरवणार, त्यांना अहवाल मिळाल्यापासून 90 दिवस, आणि हुकूम आल्यावर कंपनीला 30 दिवस. म्हणजे सगळं वेळेत झालं तरी चार-पाच महिने. अण्णांना औषध होतं की प्लॅसिबो हे आम्हाला आजही माहीत नाही, पण संबंध आहे असं ठरलं.

आता इथे लोकांचा गैरसमज होऊ नये म्हणून रक्कम सांगते. जी इजा बरी होते तिच्यासाठी सूत्र वेगळं आहे, 2 × W × N. W म्हणजे दिल्लीतल्या अकुशल कामगाराची एका दिवसाची किमान मजुरी, N म्हणजे हॉस्पिटलमध्ये काढलेले दिवस. मजुरी हिशेबाला सोपी म्हणून 700 धरा, गुणिले दोन, गुणिले तीन दिवस, 4200. आम्हाला त्याच्या आसपासच मिळाले. 28 लाखांचा आकडा ऐकलेल्या माझ्या भावाने फोनवर विचारलं, एवढेच? एवढेच. घरी येऊन पंधरा दिवस अण्णांना जिना चढता येत नव्हता, आईने शिवणकामाच्या ऑर्डर परत केल्या, त्याला सूत्रात अक्षर नाही. मला हे कमी वाटतं आणि मी एथिक्स कमिटीला तसं लिहिलंही. पण सही करायच्या आधीच हे सूत्र माहीत असल्यामुळे आम्ही फसवले गेलो असं नाही वाटलं. कायमचं अपंगत्व आलं असतं तर हिशेब वेगळा झाला असता, तिथे अपंगत्वाच्या टक्क्यांप्रमाणे मृत्यूच्या रकमेशी जोडून काढतात.

मला कोणी विचारलं की मग ट्रायलला जायचं की नाही, तर मी नाही सांगू शकत, ते ज्याच्या त्याच्या आजारावर आहे. पण फॉर्म घरी आणा, ट्रायलचा सीटीआरआय नंबर, म्हणजे देशातल्या ट्रायलच्या सरकारी नोंदणीतला नंबर, मिळवा आणि तो `ctri.nic.in` वर टाकून बघा, नोंदणी आहे का, आपल्या हॉस्पिटलचं नाव त्यात आहे का, एथिक्स कमिटीची मंजुरी दिसतेय का. आणि भरपाई हा शब्द दिसला की प्रत्येक वेळी बोट ठेवून विचारा, ही कोणती.

परवा 52 वा आठवडा भरला. ठरल्याप्रमाणे फोन आला, त्याच नवीन मुलाचा. अण्णांनी व्हरांड्यात खुर्ची घेऊन सगळं सांगितलं, साखर किती, गोळ्या कोणत्या, उलट्या नाहीत, वजन दोन किलो वाढलंय. त्याने विचारलं अजून काही सांगायचंय का काका. अण्णा म्हणाले, हो, डोस वाढवल्यावर पाचव्या दिवशी सुरू झालं होतं, ते लिहिलंयस ना? तो म्हणाला लिहिलंय. अण्णा म्हणाले, वाचून दाखव.